शब्द ठेवावा कीं अर्थ पाठवावा?

परभाषी नातलगास धर्मकृत्याविषयीं दोन ओळी लिहितांना मूळ शब्द तसाच ठेवावा, त्याचें शब्दशः भाषांतर करावें, कीं त्याचा अर्थ फोडून सांगावा, हा प्रश्न वरवर क्षुल्लक दिसतो. तो तसा नाहीं, हें आम्हांस स्वतःच्याच एका चुकीनें कळलें.

आमच्या कैलासवासी आत्याबाई लखनौस दिल्या होत्या. त्यांचे चिरंजीव, म्हणजे आमचे आतेभाऊ, हल्लीं मुंबईस असतात; पण त्यांस व वहिनींस मराठी येत नाहीं. एके श्रावणांत त्यांनीं सत्यनारायणास बोलाविलें. नेमके त्याच आठवड्यांत आमचे एक चुलत आजोबा वारले. आम्ही हिंदींत कळविलें, "हमारे घर सूतक है, इसलिए नहीं आ सकेंगे." उलट उत्तर आलें, "बधाई हो! लड़का हुआ या लड़की?"

दोष त्यांचा नव्हता. आपण जन्माच्या अशौचास सोयर म्हणतों व मृत्यूच्या अशौचास सुतक. परंतु संस्कृतांत सूतक हा शब्द मूळचा जन्माचा. हिंदी मुलुखांत अनेक ठिकाणीं अजूनही तो जन्मासच लावतात आणि मृत्यूच्या अशौचास पातक म्हणतात. ग्रहणाच्या वेधांसही तिकडे सूतकच म्हणतात. अक्षरें तींच, अर्थ मात्र उलटा. अनोळखी शब्द दिसला कीं वाचणारा निदान विचारतो तरी. ओळखीचा दिसणारा शब्द त्यास विचारूंही देत नाहीं. म्हणून आमच्या मतें अधिक धोका ओळखीच्या शब्दाचाच.

मग 'शोक' असें लिहावें काय? तेंही बरोबर नाहीं. शोक मनाचा असतो; सुतक नात्याचें असतें. ज्यांस आपण कधीं पाहिलेंही नाहीं अशा भाऊबंदाचेंही दहा दिवस धरावें लागतें. तेव्हां येथें शब्दाचा नाद सोडून गोष्ट सांगणें हाच मार्ग: "हमारे चचेरे दादाजी का स्वर्गवास हो गया है; दस दिन हम किसी पूजा में नहीं बैठते." यांत सुतक हा शब्द नाहीं, पण नातें, दिवस आणि न येण्याचें कारण, तिन्ही आलीं.

पुढें आमच्या मातोश्रींनीं वहिनींस वसुबारशीस बोलाविण्यास सांगितलें. त्यांची ओटी भरावयाची होती. पहिला मसुदा असा झाला कीं, आश्विन कृष्ण द्वादशीस यावें, भाभीजी की गोद भरनी है. मागील बधाईची आठवण होती म्हणून तो धाडण्यापूर्वीं हिंदी जाणणाऱ्या एका शेजाऱ्यांस दाखविला, आणि दोन्ही शब्द पुन्हां फसवे निघाले.

गोदभराई हा त्यांच्याकडे गर्भवतीचा सोहळा आहे. आमच्या वाक्यानें वहिनींस संकोच झाला असता. आणि तिथि तर त्याहून वाईट! आपला महिना अमावास्येस संपतो, उत्तरेकडील पौर्णिमेस. म्हणून शुक्लपक्षाच्या महिन्याचें नांव दोहोंकडे एकच, पण वद्यपक्षांत त्यांचें नांव एक महिना पुढें असतें. आपल्या आश्विन वद्यास ते कार्तिक कृष्ण म्हणतात. आणि त्यांचें आश्विन कृष्ण म्हणजे आपलें भाद्रपद वद्य, अर्थात् पितृपक्ष! सवाष्णीची ओटी भरण्यास आम्ही तिला पितरांच्या पंधरवड्यांत बोलावीत होतों.

अखेर आम्ही लिहिलें तें असें. दिवस इंग्रजी तारखेनें दिला व 'धनतेरस से एक दिन पहले' अशी खूण जोडली; कारण ती खूण दोन्ही घरीं एकच. ओटीविषयीं मात्र मूळ शब्द ठेवला: "माताजी भाभीजी के आँचल में चावल, नारियल और चोली का कपड़ा देंगी. सुहागिन के इस सम्मान को हम ओटी कहते हैं." तीं माणसें बिहारचीं असतीं तर आम्ही तेथील 'खोंइछा' हाच शब्द घातला असता, मुलीस निरोप देतांना तिच्या पदरांत तांदूळ, हळद घालण्याची ती चाल ओटीच्या पुष्कळ जवळची आहे. तरी ती ओटीच नव्हे, हेंही एका ओळींत सांगावें लागलें असतें.

कोणी म्हणतील, अर्थ फोडल्यानें शब्दाचें पावित्र्य जातें. आम्हांस तसें वाटत नाहीं. शब्द कोठें ठेवावा याची कसोटी आमच्या मतें एकच: वाचणाऱ्यास त्यावरून कांहीं करावयाचें आहे काय? दिवस गांठावयाचा असेल, यावयाचें किंवा न यावयाचें असेल, तेथें शब्द सोडून गोष्ट उघड लिहावी. जेथें केवळ आपल्या घरची चाल त्यास कळवावयाची आहे, तेथें शब्द आपलाच ठेवावा व अर्थ त्याच्या शेजारीं बसवावा.

वहिनी धनत्रयोदशीच्या आदल्या दिवशीं वेळेवर आल्या. पदर पुढें करून त्यांनीं मातोश्रींस विचारलें, "ओटी इसीमें भरते हैं न?" तो एक शब्द आम्ही ठेवला होता, आणि तो त्यांनीं घेतला.