हजार पौर्णिमांची आजी

आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला परदेशातली मंडळी व्हिडिओ पाठवतात, तेव्हा बहुतेक सगळे एकच बोलतात: निरोगी दीर्घायुष्य लाभो, तुझे आशीर्वाद असू देत. हजार पौर्णिमा भरायला साधारण ८० वर्षं १० महिने लागतात, आणि त्यातला एकही दिवस या वाक्यांत दिसत नाही. म्हणून प्रत्येकाने एकच प्रसंग घ्यावा, जो घरात दुसऱ्या कोणालाच सांगता येणार नाही. मेलबर्नच्या नातवाने असं म्हणावं: “आजी, माझ्या दहावीच्या अभ्यासाला तू पहाटे चारला उठून शेजारी बसायचीस. म्हणायचीस, मला तांदूळ निवडायचेत. ते तू आदल्या दुपारीच निवडलेले असायचे, हे मला फार उशिरा कळलं. आजी, नमस्कार करतो.” सावकाश बोललं तरी हे अर्ध्या मिनिटात होतं, आणि यात ‘प्रेमळ’ हा शब्द लागतच नाही. मजकूर आधी लिहावा, दोनदा मोठ्याने म्हणावा, मग कागद बाजूला ठेवून कॅमेऱ्याच्या भिंगाकडे बघत बोलावं. वाचून दाखवलं की नजर खाली सरकते आणि आवाज सपाट होतो. हे सगळे व्हिडिओ एकत्र जोडणाऱ्याने बोलण्याखाली संगीत अजिबात ठेवू नये. ऐंशी ओलांडलेल्या कानांना त्यातून शब्द वेगळे काढणं अवघड जातं. सनई सुरुवातीला आणि शेवटी पुरे. मराठी न येणाऱ्या पणतीकडून भाषण घोकून घेऊ नये. तिने “पणजी, नमस्कार” म्हणावं आणि स्वतः काढलेलं चित्र दाखवावं.