शब्द मोजू नका, प्रत्यय पाहा

'मुलींच्या मेसेजमध्ये मराठी उरलीच नाही,' असं आमच्या वाळपईत सर्रास ऐकू येतं. बायांनो, मुलींना याच तक्रारीवर कॉलेजचा प्रकल्प करू द्या. मैत्रिणींना विचारून, नावं खोडून, शंभर मेसेज घ्यायचे. 'मीटिंगला लेट होईल, फाइल फॉरवर्ड कर.' यात सहापैकी चार शब्द इंग्रजी. पण 'ला', 'होईल', 'कर' मराठी, आणि वाक्य त्यांनीच उभं केलंय. नुसते शब्द मोजाल तर निष्कर्ष चुकेल. आपल्याकडे 'कर' कोंकणीतही चालतं. मग 'मीटिंगला' आहे की 'मीटिंगाक', यावरून भाषा ओळखायची. मात्र सगळी वाक्यंच 'आय विल बी लेट' अशी निघाली, तर तक्रार खरी!