पगार कमी आला? मेल असा लिहा

महिन्याची अखेर. मोबाइलवर बँकेचा मेसेज येतो आणि आकडा नेहमीपेक्षा कमी दिसतो. माझ्या भाचीला बंगळुरूत सप्टेंबरअखेर असाच मेसेज आला. दरमहा ३९,२८० रुपये जमा होतात, या वेळी ३६,६४८ झाले. पाच तारखेला शैक्षणिक कर्जाचा हप्ता होता. घाबरून तिने पेरोल विभागाला मेल लिहायला घेतला, "माझे २,६३२ रुपये कापले आहेत, कृपया परत करा."

मी तिला म्हटलं, "थांब, आधी पगारपत्रक उघड."

तुमच्या बाबतीत असं झालं, तर तुम्हीही तेच करा. बँकेतला आकडा फक्त कमी आल्याचं सांगतो, का कमी आला ते सांगत नाही. पगारपत्रकात सगळ्यात आधी पगारी दिवस पाहा. भाचीच्या पत्रकात ३० पैकी २८ दिवस होते आणि शेजारी 'एलओपी २', म्हणजे दोन दिवस बिनपगारी. ती १८ आणि १९ सप्टेंबरला रजेवर होती. हक्काची रजा होती आणि नऊ दिवस शिल्लकही होते. पण साहेबांनी मंजुरीचं बटण दाबलं २६ तारखेला आणि पेरोलने त्या महिन्याची हजेरी २४ लाच बंद केली होती. त्यामुळे मंजुरी नसलेले ते दोन दिवस गैरहजेरीत धरले गेले. अशा चुका बहुधा या तारखांच्या फटीतच होतात, कुणी मुद्दाम करत नाही.

आता हिशेब. तिचा एकूण पगार ४२,००० रुपये, त्यात मूळ वेतन २१,०००. एका दिवसाचे ४२,००० भागिले ३०, म्हणजे १,४००. दोन दिवसांचे २,८००. मग बँकेत २,६३२ च कमी का? कारण मूळ वेतनही दोन दिवसांचं, म्हणजे १,४०० रुपयांनी घटलं आणि त्यावरचा १२ टक्के पीएफ १६८ रुपयांनी कमी कापला गेला. म्हणजे खरं नुकसान २,८०० चं. शिवाय कंपनीनेही पीएफमध्ये १६८ रुपये कमी भरले. भाचीने २,६३२ च मागितले असते, तर पीएफचा विषय मेलमध्ये आलाच नसता. (काही कंपन्या महिन्याचे दिवस न धरता २६ ने भागतात आणि काही ठिकाणी पीएफ १५,००० च्या मर्यादेवरच कापतात. तुमच्या पत्रकात काय धरलंय ते पाहून आकडे घाला.)

शेवटी तिने मेल पाठवला तो असा. तिने अर्थातच इंग्रजीत लिहिला.

"विषय: सप्टेंबरच्या पगारात दोन दिवसांची चुकीची कपात, कर्मचारी क्रमांक …

महोदय,

सप्टेंबरच्या पगारपत्रकात माझे २ दिवस बिनपगारी दाखवले आहेत. १८ आणि १९ सप्टेंबरला मी हक्काच्या रजेवर होते. ती रजा २६ सप्टेंबरला मंजूर झाली आहे.

त्यामुळे एकूण पगारात २,८०० रुपये कमी धरले गेले. माझा पीएफ २,५२० ऐवजी २,३५२ कापला गेला आणि कंपनीचा हिस्साही तेवढाच घटला.

कृपया हे दोन दिवस पगारी करून माझ्या शिल्लक रजेतून वजा करावेत, ९ ऐवजी ७. २,८०० रुपये थकबाकी म्हणून द्यावेत आणि दोन्ही बाजूंचे पीएफचे १६८ रुपये भरावेत. दुरुस्ती कोणत्या पगारात होईल, ते कृपया कळवावे.

सोबत पगारपत्रक आणि रजामंजुरीचा स्क्रीनशॉट जोडला आहे."

रजा वजा करा, असं आपणच लिहावं का, असं तिने विचारलं. लिहावं. नाहीतर पैसे मिळतात, रजा तशीच शिल्लक दिसते आणि दोन महिन्यांनी कुणाच्या तरी लक्षात आलं की पुन्हा पत्रव्यवहार सुरू. साहेबांना मेलची प्रत ठेवावी, पण मंजुरी उशिरा दिली, हा टोमणा त्यात नको. तारखा लिहिल्या आहेत, वाचणाऱ्याला कळतं.

दुसऱ्या दिवशी उत्तर आलं, पण दुरुस्ती ऑक्टोबरच्या पगारात. त्यामुळे हप्त्याची तजवीज तिला स्वतःच करावी लागली. मेल पाठवला की पैसे लगेच येतात असं नाही, महिना बंद झाला की बरीच कार्यालयं पुढच्याच पगारात भरपाई करतात.

ऑक्टोबरचा मेसेज आला, ४१,९१२. नेहमीचे ३९,२८० आणि वर २,६३२. मी विचारलं, "पत्रक पाहिलंस?" पाहिलं होतं. थकबाकीच्या ओळीत २,८०० होते, पीएफ २,६८८ कापला होता आणि शिल्लक रजा सात होती. कंपनीचा हिस्सा मात्र त्या पत्रकात दिसत नाही. तो ती पुढच्या महिन्यात पीएफच्या पासबुकात पाहणार आहे.