भाव चढला की नियम लपला?

सप्टेंबर 1850. न्यूयॉर्कच्या कॅसल गार्डनमधील जेनी लिंडच्या पहिल्या मैफिलीची तिकिटे पी. टी. बार्नमने लिलावात काढली. पहिले तिकीट जॉन जेनिन या टोपीविक्रेत्याने 225 डॉलरला घेतले. बोलीगणिक किंमत चढणार, हे तेथे येणाऱ्या प्रत्येकाला आधीच ठाऊक होते.

31 ऑगस्ट 2024 रोजी ब्रिटनमध्ये ‘ओएसिस’च्या पुनर्मीलन दौऱ्याची तिकीटविक्री झाली. उभ्याने पाहण्याच्या तिकिटांना दोन भाव होते. स्वस्त तिकिटे संपताच उरलेली महाग. तासन्‌तास ऑनलाइन रांगेत थांबलेल्यांना सुमारे 150 पौंडांऐवजी एकाएकी 355 पौंड दिसले. पुढे ब्रिटनच्या स्पर्धा नियामकाच्या आक्षेपाचा रोखही भाववाढीपेक्षा हे दोन भाव आधी न सांगण्यावर होता.

टंचाईत भाव चढतो, हे ग्राहक जाणतो. परंतु रांगेत गेलेला वेळ परत मिळत नाही, त्यामुळे शेवटी उघड झालेला भाव त्याला कोंडीत पकडतो. हाच भाव रांगेच्या तोंडाशी लिहिलेला असता, तर थांबावे की परतावे हे त्याने स्वतः ठरवले असते. असा फलक गरिबाला प्रवेश देत नाही, हे खरे. पण तो त्याला फसवतही नाही.