उलटे वाचा, सुलटेही वाचा!

खिळे जुळवून छपाई होत असे त्या काळी मुद्रिते तपासायला पुष्कळदा दोघे बसत. एक जण मूळ प्रत मोठ्याने वाची. दुसरा मुद्रितावर नजर ठेवी. आज ईमेल लिहिणारा, तपासणारा आणि धाडणारा एकच असतो. काय लिहिले आहे हे त्याला आधीच ठाऊक असते. त्यामुळे डोळा शब्दावरून घसरतो आणि सुटलेले अक्षर मन परस्पर भरून घेते. म्हणून पाठवण्यापूर्वी मजकूर शेवटाकडून आरंभाकडे मोठ्याने वाचावा, असे सांगतात. उपाय चांगला आहे. पण मराठीसाठी तो एकटा पुरत नाही, असे माझे मत आहे.

एक वाक्य घेऊ. ‘प्रजासत्ताक दीनानिमित्त २६ जानेवारीला माजी विद्यार्थ्याना ध्वजवंदनाचे आमंत्रण देण्यात येत आहेत.’ आता शेवटापासून एकेक शब्द वाचा. (अक्षरे उलटी करू नयेत, काना, वेलांटी विस्कटून हाती काहीच लागत नाही.) आहेत, येत, देण्यात, आमंत्रण... अर्थाचा ओघ तुटला की प्रत्येक शब्द सुटा दिसतो. ‘विद्यार्थ्याना’पाशी अनुस्वार राहिल्याचे ध्यानात येते. ‘दीनानिमित्त’पाशी थांबलो, की दीन म्हणजे गरीब, आपल्याला तर दिवस हवा होता, हे उमगते. दीन हाही खरा शब्द असल्याने यंत्राची शुद्धलेखन तपासणी त्याला बहुधा सोडून देते. कानही फसतो, कारण बोलताना दिन आणि दीन यांत आपण फारसा भेद करीत नाही.

आपल्या नंदुरबारकडे कानाची आणखी एक अडचण आहे. ज्याच्या घरी अहिराणी बोलतात त्याच्या तोंडी पाणी हे सहज ‘पानी’ होते. यात कमीपणा काही नाही. ती त्या भाषेची रीत आहे. मात्र ‘न’च्या जागी ‘ण’ किंवा ‘ण’च्या जागी ‘न’ पडला, तर अशा कानाला तो खटकेलच असे नाही. तेथे बोट शब्दावर ठेवून डोळ्यानेच पाहिले पाहिजे.

उलट्या वाचनातून एक चूक मात्र निसटली. ‘आहेत’ हा शब्द सुटा निर्दोष आहे. ‘आमंत्रण’ही निर्दोष आहे. दोघांचे जुळत नाही, हे वाक्य सुलटे आणि मोठ्याने वाचल्यावरच कानाला टोचते. म्हणून आधी सुलटे वाचून वाक्ये दुरुस्त करावीत, मग उलटे वाचून शब्द पाहावेत. दुरुस्त केलेले वाक्य पुन्हा एकदा वाचावे, कारण नवी चूक पुष्कळदा दुरुस्तीतच शिरते. पत्ता सर्वांत शेवटी लिहावा, म्हणजे अर्धवट पत्र चुकून सुटत नाही.

तारीख, वेळ आणि नावे यांपुढे दोन्ही वाचने हतबल आहेत. २६ ऐवजी २५ पडले तर ते उलटेही बरोबर वाटते आणि सुलटेही. तेथे मूळ सूचनापत्र शेजारी ठेवून ताडून पाहावे, छापखान्यातल्या त्या दोघांसारखे.