फटाका स्टॉल : परवाना भिंतीवर, पण तीन मीटरची मोकळी जागा कुठे?

दिवाळी जवळ आली की बीड, अंबाजोगाई, परळी, माजलगाव, गेवराई या गावांत फटाक्यांची दुकाने लागतात. जिल्हाधिकारी कार्यालयाचा परवाना दुकानात समोर लावलेला असतो, लाल बादल्या टांगलेल्या असतात, ‘धूम्रपान निषेध’चा फलकही असतो. तपासणी झाली, म्हणजे दुकान सुरक्षित, असे आपण समजतो. मात्र परवाना मिळाला त्या दिवशीचे दुकान आणि लक्ष्मीपूजनाच्या आदल्या संध्याकाळचे दुकान यात मोठा फरक असतो. धोका याच फरकात आहे आणि तपासणीही त्याच संध्याकाळी व्हायला हवी.

औरंगाबादचे मैदान काय सांगते?

29 ऑक्टोबर 2016 रोजी, ऐन दिवाळीत, तेव्हाच्या औरंगाबादमध्ये जिल्हा परिषद मैदानावरील फटाका बाजार पेटला. शंभराहून अधिक दुकाने दिवसाढवळ्या जळाली, जवळ उभ्या असलेल्या गाड्याही गेल्या. ठिणगी कुठे पडली यावर तेव्हा पुष्कळ चर्चा झाली. आपल्यासाठी खरा प्रश्न वेगळा आहे. आग एका दुकानात लागते, ती शंभर दुकानांत कशी जाते?

विस्फोटक नियम 2008 मध्ये याचे उत्तर आहे. सणापुरत्या दुकानांसाठी शेड न पेटणाऱ्या साहित्याची असावी. दोन शेडमध्ये किमान तीन मीटर, म्हणजे साधारण दहा फूट अंतर हवे. शेड समोरासमोर तोंड करून नसाव्यात. घरे, शाळा यांसारख्या ठिकाणांपासून पन्नास मीटर अंतर हवे आणि एका समूहात पन्नासपेक्षा जास्त दुकाने नकोत. यातला प्रत्येक आकडा एकच काम करतो. एक दुकान गेले तरी शेजारचे वाचावे, निदान माणसांना पळायला वेळ मिळावा.

दुकाने समोरासमोर का नकोत? पेटलेला बाण किंवा भुईचक्र उघड्या बाजूने बाहेर पडते. समोरच्या दुकानाची उघडी बाजू म्हणजे थेट मांडलेला माल. मधल्या वाटेत गिऱ्हाईक असते, ते वेगळेच.

साठ्याचे गणित

तात्पुरत्या दुकानाच्या परवान्यात साधारणपणे दोन आकडे असतात : फटाके 100 किलो आणि फुलबाज्यांसारखा शोभेचा माल 500 किलो. तुमच्या परवान्यावर जो आकडा असेल तोच लागू. हे दोन कप्पे वेगळे आहेत. फुलबाज्या कमी आहेत म्हणून ती जागा सुतळी बॉम्बने भरता येत नाही. कारण फुलबाजी जळत जाते, बॉम्ब मात्र फुटून शेजारचे खोके उडवतो.

समजा, दहा बाय दहाच्या एका स्टॉलवर संध्याकाळी टेम्पो आला. फटाक्यांची बारा खोकी, प्रत्येकी 14 किलो. एकूण 168 किलो. मर्यादा 100. म्हणजे सात खोकी (98 किलो) दुकानात ठेवता येतील, पाच खोक्यांना तिथे जागा नाही. ही पाच खोकी परवानाधारक गोदामातच राहायला हवीत आणि विक्री होईल तशी आणायला हवीत.

प्रत्यक्षात ती कुठे जातात? शेडच्या मागे, ताडपत्रीखाली, नाहीतर शेजारच्या दुकानामधल्या दहा फुटांत. शेजाऱ्याचीही चार खोकी तिथेच येतात. मग कागदावर दोन दुकाने असली तरी आगीच्या हिशेबाने ते एकच लांब दुकान झालेले असते. गेल्या वर्षीचा उरलेला माल ‘जुना आहे’ म्हणून अनेकजण मोजत नाहीत, पण तोही याच 100 किलोंत धरायचा असतो.

कायमस्वरूपी दुकानाचे नियम आणखी कडक आहेत. ते वीट, दगड किंवा काँक्रीटच्या बांधकामात, तळमजल्यावर, 9 ते 25 चौरस मीटरचे असावे. वर राहते घर नको, जिन्याखाली किंवा जिन्याजवळ नको. दार बाहेर उघडणारे आणि बाहेर पडायला दुसरी वाट हवी. तशाच दुसऱ्या साठ्यापासून पंधरा मीटर अंतर हवे. जुन्या बाजारपेठेतल्या गल्लीत, वर संसार असलेल्या गाळ्यात हे कसे बसेल, याचा विचार परवान्याच्या वेळीच व्हायला हवा.

झाडू, बादली आणि विडी

दुकानातली स्वच्छता हा इथे दिसण्याचा विषय नाही. फुटलेल्या झाडातून (अनार) किंवा दबलेल्या खोक्यातून दारूची पूड जमिनीवर सांडते. त्यावर खोके घासत ओढले की घर्षण होते. म्हणून खोके उचलून न्यायचे, मऊ झाडूने दिवसातून दोनदा झाडायचे आणि निघालेला केर कचऱ्याच्या डब्यात न टाकता पाण्याच्या बादलीत भिजवायचा. रिकामे पुठ्ठे आणि कागदी भुसा दुकानात साचू द्यायचा नाही. जमिनीवर चंदेरी-करडी पूड दिसत असेल, तर त्या दुकानाची झाडलोट नीट होत नाही, हे गिऱ्हाइकालाही ओळखता येते.

आग लागलीच तर पोते टाकून ती विझत नाही. फटाक्याच्या दारूतच ऑक्सिजन देणारे रसायन असते, त्यामुळे हवा कोंडून उपयोग नाही. सुरुवातीच्या क्षणी भरपूर पाणीच कामाचे. माल फुटू लागला की बादली टाकून सगळ्यांना बाहेर काढायचे, गल्ला आणि माल विसरायचा.

धूम्रपानबंदीचा फलक गिऱ्हाइकाला दिसतो. पण ठिणगी बहुतेक वेळा विडीच्या रूपात येतच नाही. ती सकाळच्या पूजेच्या उदबत्तीतून येते, लक्ष्मीपूजनाला शेडमध्येच लावलेल्या पणतीतून येते, मधल्या मोकळ्या जागेत लागलेल्या चहावाल्याच्या गॅसमधून येते. ‘वाजतो का बघू’ म्हणून दुकानासमोर लावलेल्या एका फटाक्यातूनही येते. नियमाने शेडमध्ये आणि सुरक्षित अंतरात उघडी ज्योत चालत नाही आणि पन्नास मीटरच्या आत फटाके वाजवायचे नाहीत. दिवे भिंतीला किंवा छताला पक्के हवेत, वायरला लोंबकळणारा बल्ब नको आणि दुकानांच्या प्रत्येक रांगेला एक मुख्य स्विच हवा. पूजा करावी, पण ती रांगेपासून लांब, सगळ्यांची मिळून एका ठिकाणी. असे ठरवायला व्यापारी संघटनेला कोणाची परवानगी लागत नाही.

तपासणी कधी?

दुकानदाराचीही एक अडचण खरी आहे. विक्री चार दिवसांची, गोदाम गावाबाहेर, गर्दीत माल आणणे अवघड. म्हणून फक्त दंडाने हे सुटणार नाही. नगरपालिकेने मैदान आखून देतानाच तीन मीटरच्या पट्ट्या चुन्याने आखाव्यात आणि त्या पट्टीत खोके, गाडी, हातगाडी काहीही दिसले तर रांगेतली विक्री थांबवावी. माल आणण्यासाठी सकाळी गर्दीआधीची ठरावीक वेळ द्यावी. आणि पोलीस-अग्निशमनची फेरी धनत्रयोदशीनंतर रोज संध्याकाळी, वजनकाटा घेऊन व्हावी. मग पाच खोकी जास्त आहेत की नाहीत, हे आगीआधीच कळेल.