लगवाडी, खायवाडी आणि ॲपमधला 'एक्सचेंज': समोर पैसे लावतं कोण?

विदर्भातल्या पोलिसांच्या बातम्यांमध्ये दोन शब्द हमखास दिसतात: लगवाडी आणि खायवाडी. संघ जिंकेल म्हणून पैसे लावणं ही लगवाडी, आणि तो पैज स्वतःच्या अंगावर घेणं ही खायवाडी. मोबाईलवरच्या बेटिंग एक्सचेंजमध्ये निळ्या चौकटीत 'बॅक' आणि गुलाबी चौकटीत 'ले' असं लिहिलेलं असतं, ते याहून वेगळं काही नाही.

फरक एवढाच की बुकीकडे खायवाडी बुकी करतो, एक्सचेंजमध्ये दुसरा ग्राहक करतो. लंडनच्या बेटफेअरने २००० साली ही पद्धत लोकप्रिय केली. कंपनी स्वतः पैज घेत नाही, दोघांची गाठ घालून देते. घाटंजीच्या बाजार समितीत कापूस विकणारा एक, घेणारा दुसरा आणि मधे अडत घेणारा तिसरा असतो, तसंच.

समजा, घाटंजीतल्या एका तरुणाने एका संघावर १.८० च्या भावाने १,००० रुपये बॅक केले. (सट्ट्याच्या भाषेत हा ८० पैशांचा भाव.) संघ जिंकला तर त्याला ८०० रुपये नफा, हरला तर हजार गेले. समोर ले करणाऱ्याचं नेमकं उलटं: संघ हरला तर त्याला हजार मिळतात, जिंकला तर खिशातून ८०० द्यावे लागतात. हे ८०० एक्सचेंज आधीच त्याच्या खात्यात अडवून ठेवतं. भाव ५.०० असेल तर हजाराच्या पैजेसाठी ले करणाऱ्याचे ४,००० अडकतात. नवखे इथेच फसतात, कारण पडद्यावरचा हजाराचा आकडा म्हणजे आपली जोखीम असं त्यांना वाटतं.

कमिशन फक्त जिंकणाऱ्याच्या नफ्यावर लागतं. ते ५ टक्के धरलं तर ८०० मधले ४० जातात, ७६० उरतात. म्हणजे १.८० चा भाव प्रत्यक्षात १.७६ चा होतो. कमिशन नसतं तर बरोबरीत सुटायला शंभरात साधारण ५६ वेळा जिंकावं लागलं असतं, आता ५७ वेळा. छोटासा वाटणारा हा फरक रोज खेळणाऱ्याला हळूहळू पोखरतो. शिवाय एका सामन्यात हरलेले पैसे दुसऱ्या सामन्याच्या कमिशनमधून वजा होत नाहीत.

खरी अडचण मात्र तरलतेची, म्हणजे समोर पुरेसे पैसे असण्याची. चौकटीत भावाखाली जी रक्कम दिसते, तेवढीच त्या भावाला उपलब्ध असते. १.८० ला ४०० रुपयेच असतील तर उरलेले ६०० एकतर खालच्या भावाला जातात किंवा जोडीदाराची वाट पाहत पडून राहतात. मोठ्या सामन्यात बॅक-ले भावांत १.८० आणि १.८२ इतकंच अंतर असतं. एखाद्या अनोळखी लीगच्या सामन्यात तेच १.६० आणि २.२० होतं, तिथे शिरतानाच तोटा.

बाहेर पडणं त्याहून अवघड. त्या तरुणाचा संघ जोरात खेळून भाव १.४० वर आला, तर तो साधारण १,२८६ रुपये ले करून निकाल काहीही लागला तरी सुमारे २८५ रुपये (कमिशन वगळण्याआधी) पक्के करू शकतो. कागदावर सोपं. पण तेवढ्यात विकेट पडते, बाजार थांबतो आणि पुन्हा उघडतो तेव्हा भाव २.४० असतो. हातातला नफा तोट्यात गेलेला असतो. चालू सामन्यात पैज स्वीकारायला मुद्दाम काही सेकंदांचा विलंबही ठेवलेला असतो.

हे झालं खऱ्या एक्सचेंजचं. व्हॉट्सॲपवरून एजंट जो 'आयडी' देतो, तिथे पडदा तसाच दिसतो, पण समोर दुसरा ग्राहक असेलच असं नाही. ओळखायची खूण साधी आहे: आपल्या पसंतीचा भाव टाकून वाट पाहता येते का, आणि आपली पैज लागल्यावर चौकटीतली रक्कम कमी होते का? दोन्ही नसेल, तर खायवाडी ॲप चालवणाराच करतोय, भाव आणि खातंही त्याच्याच हातात. जुलै २०२३ मध्ये नागपूरच्या एका व्यापाऱ्याने गोंदियाच्या संशयिताविरुद्ध तक्रार दिली, तीत असंच चित्र होतं. व्हॉट्सॲपवर लिंक, खात्यात ८ लाख, सुरुवातीला जिंकणं, आणि शेवटी सुमारे ५८ कोटींचा तोटा. पोलिसांनी गोंदियातल्या घरातून कोट्यवधींची रोकड आणि सोनं जप्त केलं.

महाराष्ट्रात १८८७ पासून जुगारबंदीचा कायदा आहे. ऑगस्ट २०२५ च्या केंद्रीय कायद्याने पैशांच्या ऑनलाइन खेळांवर देशभर बंदी आणली. असा खेळ चालवणाऱ्याला ३ वर्षांपर्यंत कैद आणि १ कोटीपर्यंत दंड होऊ शकतो. आणि १८७२ च्या करार कायद्याचं कलम ३० पैजेचा करार मुळातच रद्दबातल मानतं. त्यामुळे जिंकलेले पैसे एजंटने दिले नाहीत, तर वसुलीसाठी दिवाणी दावा करता येत नाही. फसवणुकीची तक्रार मात्र १९३० या सायबर हेल्पलाइनवर करता येते.